वऱ्हाडचा कापूस आणि तारायंत्र-आगबोटींचे युग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारायंत्र आणि आगबोट या दोन साधनांमुळे वऱ्हाडातील कापसाचा व्यापार थेट इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बाजाराशी जोडला गेला. मालाआधी मालाच्या भावाची बातमी पोहोचू लागली, हा या काळातील सर्वांत महत्त्वाचा बदल होय. अमरावती, अकोला आणि खामगाव ही या व्यापाराची प्रमुख केंद्रे होती.

पूर्वस्थिती

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्या सुमारापर्यंत अमरावतीचा बराच कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे ८०० किलोमीटर दूर असलेल्या गंगाकाठच्या मिर्झापुरास जात असे. वाटेत पाऊस लागला तर रुई भिजे व तिचे वजन वाढे. धूळ-कचरा मिसळून प्रत उतरे ती वेगळीच. मुंबईहून इंग्लंडला जाणारी शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालत आणि त्यांना चार ते सहा महिने लागत. पत्रही त्याच जहाजातून जाई. त्यामुळे माल आणि बातमी यांचा वेग एकच होता. लिव्हरपुलात भाव पडला, तर ते मुंबईच्या व्यापाऱ्याला कळेपर्यंत त्याचा माल समुद्रात असे.

आगबोट

मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुएझकडे निघाली आणि सुमारे महिन्याभराने तेथे पोहोचली. तिच्या कोठारात पाच-सहा दिवस पुरेल इतकाच कोळसा मावत असल्याने मिळेल त्या जागी कोळसा भरावा लागला. तरीही एडनला पोहोचेपर्यंत तो जवळजवळ संपला होता. आगबोटींची खरी अडचण हीच होती. कोळशाने जागा व्यापली की मालाला जागा उरत नसे. त्यामुळे पुढील काही दशके त्या मुख्यतः टपाल आणि उतारू नेत. कापसासारखा जागा खाणारा माल शिडाच्याच जहाजांनी जाई. कमी कोळशात चालणारी सुधारित इंजिने आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झालेला सुएझ कालवा यांनी हे चित्र पालटले. तांबड्या समुद्रातील वारे शिडाच्या जहाजांना प्रतिकूल असल्याने कालव्याचा लाभ प्रामुख्याने आगबोटींनाच झाला.

तार

हिंदुस्थान आणि युरोप यांना जोडणारी पहिली तार १८६५ मध्ये इराणच्या आखातातून, तुर्की मुलखामार्गे सुरू झाली. वीस शब्दांना पाच पौंड आकार पडे. वाटेवरील अनेक तारमास्तरांना इंग्रजी येत नसल्याने मजकुराची मोडतोड होई आणि तार पोहोचण्यास कित्येक दिवस लागत. आकड्यातील एक चूकही व्यापाऱ्यास बुडविण्यास पुरेशी होती. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन समुद्रतार टाकली आणि त्याच वर्षी लंडनपर्यंतची साखळी पूर्ण झाली. तेव्हापासून मजकूर काही तासांत जाऊ लागला. खर्च वाचविण्यासाठी व्यापारी सांकेतिक कोश वापरीत. त्यात एका शब्दाचा अर्थ एक संपूर्ण वाक्य असे. ज्याच्याजवळ तो कोश नाही त्याला तार हाती पडूनही काही उमगत नसे.

वऱ्हाडातील परिणाम

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी नव्हता असा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व मुंबईच्या अनेक पेढ्या बुडाल्या. मात्र कापसाची लागवड कमी झाली नाही. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचला, १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही शाखा झाली. कापसाच्या घट्ट गाठी बांधणारे वाफेचे दाबयंत्र आले. लिव्हरपूलची मागणी तारेने यावी आणि गाठी आगगाडीने मुंबईस व तेथून आगबोटीने इंग्लंडला जाव्यात, हा सारा व्यवहार सुमारे दीड महिन्यात उरकणे आता शक्य झाले.

हा लाभ सर्वांना सारखा नव्हता. भाव पेढीवर येई. शेतकऱ्याला तो अडत्याच्या तोंडूनच कळे. तत्कालीन मोर्शी तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे शेंदूरजनाघाट हे गाव लोहमार्गापासून दूर होते. वरुडला आगगाडी आली तीच मुळी एकविसाव्या शतकात. अशा गावचा शेतकरी गाडी जुंपून बाजारात पोहोचेपर्यंत भाव बदललेला असे. बैलगाडी बाजारात आल्यावर माल परत नेणे परवडत नाही, हे अडत्यालाही ठाऊक असे. 'अंतर कमी झाले' हे विधान म्हणूनच पेढीपुरते खरे मानावे लागते.

वृत्त आणि राज्यकारभार

रॉयटर या वृत्तसंस्थेने १८६६ मध्ये मुंबईत कचेरी उघडली. परदेशी बाजारभाव आणि राजकीय घडामोडी वर्तमानपत्रांत येऊ लागल्या, त्या तारेच्या खर्चामुळे अगदी त्रोटक असत. मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी सरकारने कापूस आयुक्त हे पद निर्माण केले. त्यावर असलेले रिव्हेट-कार्नॅक पिकाचे अंदाज व बाजाराची स्थिती कळवीत असत.

तारेमुळे लंडनचा हातही लांबला. पूर्वी लंडनचा आक्षेप येईपर्यंत येथील निर्णय अंमलात आलेला असे. १८७५ मध्ये गव्हर्नर जनरल नॉर्थब्रुक यांनी आयात सुती कापडावरील जकात कायम ठेवणारा कायदा केला. लँकेशायरच्या गिरणीमालकांना ती जकात नको होती. असे कायदे आधी लंडनला कळवूनच करावेत, असा भारतमंत्री सॉल्सबरी यांचा आग्रह होता. मतभेद वाढले आणि १८७६ मध्ये नॉर्थब्रुक पदावरून दूर झाले. ज्या तारेने वऱ्हाडच्या रुईचा भाव ठरत होता, तिच्याच आधारे त्या रुईपासून विणून परत येणाऱ्या कापडावर किती कर असावा, याचीही सूत्रे लंडनहून हलू लागली.