कॅट 7 नावाचं अनाथ पोर

परवा घरी नवीन नेटवर्क केबल आणली. दहा मीटर, चपटी, काळी कुळकुळीत आणि अंगावर सोनेरी अक्षरांत 'कॅट 8, 40 जीबीपीएस, 2000 मेगाहर्ट्झ' असं छापलेलं. माझं कनेक्शन 200 एमबीपीएसचं. केबल लावली आणि स्पीड आला 94! दोनदा राउटर बंद-चालू केला, प्रोव्हायडरला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग लॅपटॉपलाच विचारलं:

```
$ ethtool eth0 | grep Speed
	Speed: 100Mb/s
```

म्हणजे गाडं घरातच अडलं होतं. ड्रॉवरमधली जुनी करडी कॅट 5ई काढून लावली. लगेच 1000Mb/s!

आता हे 'कॅट' प्रकरण काय आहे ते सांगतो. कॅट म्हणजे कॅटेगरी, मांजर नव्हे. केबलमध्ये आठ तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असतात, आणि शेजारच्या जोडीची कुजबुज ऐकू न येता त्या किती वारंवारतेपर्यंत चालतात यावर हा आकडा ठरतो. कॅटेगरी कुठलाही वेग देत नाही, वेग दोन टोकांची यंत्रं ठरवतात. गिगाबिट इथरनेटचं मानक 1999 साली आलं तेच मुळी कॅट 5 डोळ्यांसमोर ठेवून. कॅट 6 अमेरिकेच्या टीआयए संस्थेने 2002 मध्ये मान्य केली, 250 मेगाहर्ट्झपर्यंत.

खरी गंमत पुढे आहे. त्याच 2002 साली आयएसओ-आयईसीच्या मानकात कॅट 7 आली: 600 मेगाहर्ट्झ, प्रत्येक जोडीला स्वतंत्र धातूचं वेष्टण. पण तिच्यासाठी आपला नेहमीचा आरजे-45 प्लग धरलेला नव्हता. त्या छोट्याशा प्लगमध्ये चारही जोड्या इतक्या दाटीवाटीने बसतात की वेष्टणाची सगळी मेहनत शेवटच्या सेंटीमीटरमध्ये वाया जाते. म्हणून जीजी45 आणि टेरा असे वेगळे कनेक्टर निघाले. तुमच्या राउटरवर कधी बघितलेत? मीही नाही.

2006 मध्ये तांब्यावरून 10 गिगाबिटचं मानक झालं. शंभर मीटरपर्यंत जायला कॅट 6 कमी पडत होती, कारण शेजारच्या केबलमधली कुजबुजही आड येत होती. टीआयएने यावर 2008 साली उपाय काढला तो कॅट 6ए: 500 मेगाहर्ट्झ, आणि प्लग तोच जुना आरजे-45. मग कॅट 7 कोण विचारतो? टीआयएने तिला कधी मान्यताच दिली नाही, 6ए वरून थेट 8 वर उडी मारली. म्हणून आरजे-45 लावलेली 'कॅट 7' दिसली की समजायचं, हा आकडा दुकानदाराचा आहे. (केबल वाईटच असेल असं नाही, पण नावाला अर्थ नाही.)

कॅट 8 मात्र खरी आहे, 2016 ची. पण ती डेटा सेंटरमध्ये सर्व्हरपासून जवळच्या स्विचपर्यंत 25 किंवा 40 गिगाबिट न्यायला केलेली, तीही जेमतेम 30 मीटर. तिच्या जोड्यांना किंवा अख्ख्या केबलला वेष्टण लागतंच, त्यामुळे ती जाड आणि ताठ असते. रिबिनीसारखी चपटी कॅट 8 मला तरी पटत नाही.

तरी माझ्या रिबिनीला टेस्टर लावून पाहिला. एक ते आठ दिवे ओळीने लागतात तो साधा टेस्टर. सातवा दिवा लागलाच नाही. शंभर एमबीपीएसला 1, 2, 3 आणि 6 एवढ्याच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक तार तुटलेली, म्हणून यंत्रांनी निमूटपणे शंभरावर तडजोड केली होती. शिवाय वेष्टणाचा 'G' दिवासुद्धा बंद! शेवटी केबल कापली. आत वेष्टण नव्हतंच.

मग घरात काय टाकायचं? गिगाबिटपर्यंत धड कॅट 5ई पुरते, आणि 2016 च्या मानकाप्रमाणे 2.5 गिगाबिटही तिच्यावरून शंभर मीटर जातं. नव्याने वायरिंग करत असाल तर कॅट 6 घ्या. टूबीएचकेत एक ओढ सहसा तीस मीटरच्या आत असते, आणि एवढ्या अंतरात कॅट 6 वर 10 गिगाबिटही बहुधा चालतं. 6ए टाकायला हरकत नाही, पण ती जाड असते, अरुंद पाईपात वळणावर इलेक्ट्रिशियन कुरकुरणारच. वेष्टणवाली घेतलीत तर सॉकेट धातूचे आणि अर्थिंग धड हवं. प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये ते वेष्टण नुसतं लोंबकळत राहतं.

आकड्यापेक्षा तांबं बघा. स्वस्त केबलीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, आणि मानकांना ते मान्य नाही. तार ब्लेडने खरवडायची. आतून पांढरी निघाली तर परत करायची, विशेषतः त्याच वायरवरून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर, कारण ॲल्युमिनियमचा रोध जास्त, ते जास्त तापतं.

आणि पाईपात केबलीबरोबर एक नायलॉनची दोरी सोडून ठेवायला सांगा. पुढे कधी केबल बदलायची झाली तर भिंत फोडावी लागत नाही.