स्वयंसिद्ध तिथी : पाडवा व अक्षय्य तृतीया यांस निराळा मुहूर्त का नको ?

आमच्या बिडकीन गावी इ. स. २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्याच ज्ञातीतील दोन घरांत सोयरिकीवरून काही दिवस अबोला पडला होता. मुलीकडच्यांनी अक्षय्य तृतीयेस, म्हणजे १० मे रोजी, लग्न धरावे असे सुचविले. साडेतीन मुहूर्तांपैकी तो दिवस असल्याने जोशीबुवांस विचारण्याचे कारणच नाही, असे त्यांचे म्हणणे. मुलाकडच्यांच्या गुरुजींनी मात्र त्या महिन्यात लग्नाची तिथीच नाही, असे स्पष्ट सांगितले. मुलीकडच्यांस हा बहाणा वाटला. कार्यालयाची अनामत बुडाली ती निराळीच. पुढे जुलै महिन्यात कार्य यथासांग पार पडले. परंतु जो प्रश्न त्या वेळी उभा राहिला, तो अनेक घरांत दरवर्षी उभा राहतो. दिवस जर सबंध शुभ, तर लग्नास तो का चालू नये ? आणि मुळात तो सबंध शुभ ठरला तरी कसा ? त्याचा खुलासा जुन्या निबंधग्रंथांच्या आधारे येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मुहूर्त म्हणजे काय ते पाहू. अहोरात्राच्या साठ घटका. दोन घटकांचा एक मुहूर्त. म्हणजे आजच्या घड्याळाप्रमाणे अठ्ठेचाळीस मिनिटे. पूर्वी लग्नघरी पाण्याच्या पात्रात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवीत. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली असे समजत. मुहूर्त शोधणे म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग व करण या पाच अंगांचे दोष टाळून असा एखादा निर्मळ तुकडा काढणे होय. भद्रा करण, व्यतीपात, वैधृती, क्षयतिथी, गुरुशुक्रांचे अस्त, ही सारी वर्ज्ये गाळता गाळता हाती थोडेच दिवस उरतात. या शास्त्राचा एक मान्य ग्रंथ, मुहूर्तमार्तंड, सोळाव्या शतकात आपल्याच मुलखात, देवगिरीजवळ राहणाऱ्या नारायण दैवज्ञाने रचिला, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

आता प्रश्न असा की, ज्या शास्त्राने एवढी वर्ज्ये सांगितली, त्याच परंपरेने काही दिवसांस सूट का दिली ? चैत्र शुद्ध प्रतिपदा, वैशाख शुद्ध तृतीया व आश्विन शुद्ध दशमी हे तीन पूर्ण आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदा अर्धा, अशी आपल्याकडील रूढ मोजणी आहे. काही जण अर्धेपण अक्षय्य तृतीयेकडे देतात. ती वाटणी कशीही असो. आपल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोन दिवसांतच मिळते.

पाडव्याचे कारण सरळ आहे. तो संवत्सराचा आरंभ. ब्रह्मदेवाने याच दिवशी सृष्टी निर्माण केली, हे ब्रह्मपुराणातील वचन देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात आपल्या चतुर्वर्गचिंतामणीत घेतले आहे. त्यातील भाव असा की, ज्या क्षणापासून काळाची मोजणी सुरू झाली, तो क्षण तपासावयास त्याच्या आधीचे मापच नाही. मुहूर्त मोजावयाचा तो या आरंभापासून. मग आरंभाचा मुहूर्त कशाने मोजावा? शालिवाहनाने पैठण येथे मातीच्या सैन्यात प्राण फुंकून विजय मिळविला, म्हणून पाडवा, ही कथा आपल्या तालुक्याची लाडकी आहे. परंतु इतिहासाचा शिक्षक म्हणून एवढे सांगणे भाग आहे की, इ. स. ७८ पासूनचा शक सातवाहनांच्या शिलालेखांत आढळत नाही. ते राजे आपल्या राज्यारोहणापासून वर्षे मोजीत. शकाशी शालिवाहनाचे नाव अनेक शतकांनंतर जोडले गेले. पाडव्याचे मोठेपण त्या कथेवर अवलंबून नाही. ते वर्षारंभावर आहे.

या वर्षारंभास आपल्या मराठवाड्यात व्यवहाराचाही भक्कम पाया होता. रब्बीची सुगी घरात आलेली, शेत मोकळे झालेले, आणि मृगास अवकाश. सालगड्याचे साल याच दिवशी संपे व याच दिवशी नवे ठरे. धनी आणि गडी या दोघांसही जो दिवस पंचांग न उघडता ठाऊक आहे, असाच दिवस कराराला लागतो. ज्याच्या घरी जोशी कधी येत नसे, त्या गड्यासही हा दिवस आपला वाटे, तो यामुळे.

अक्षय्य तृतीयेचे कारण थोडे निराळे आहे. ही युगादि तिथी. कोणी येथून कृतयुगाचा, तर कोणी त्रेतायुगाचा आरंभ मानितात. म्हणजे येथेही तत्त्व तेच : आरंभाचा दिवस. शिवाय या दिवशी केलेले स्नान, दान, जप, होम व पितृतर्पण यांचे फळ क्षय पावत नाही, असे वचन आहे. आपल्याकडे आखितीस पितरांच्या नावे पाण्याने भरलेली घागर व आंबा देतात, तो याच वचनाचा आचार. ध्यानात घ्यावे की, यादी दानाची आहे, खरेदीची नव्हे. सोने घेतल्याने ते अक्षय होते, हा अर्थ मागाहून ओढलेला आहे.

या दिवशी सूर्य व चंद्र दोघेही उच्चीचे असतात, म्हणून मुहूर्त नको, असेही एक कारण सांगतात. ते गणिताने तपासू. सूर्याचे परमोच्च मेषेच्या दहाव्या अंशावर आणि चंद्राचे वृषभेच्या तिसऱ्या अंशावर. दोहोंतील अंतर २३ अंश. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जाण्यास लागणारा काळ. म्हणून तृतीया २४ अंशांस लागते आणि ३६ अंशांस संपते. अर्थात दोघेही नेमक्या परमोच्च अंशावर असतील, तेव्हा द्वितीया असते, तृतीया नव्हे ! उच्च राशीत दोघे बहुधा असतात, हे खरे. तथापि ज्या वर्षी सूर्य मेषेच्या अखेरीस पोचलेला असतो, त्या वर्षी तृतीया संपण्यापूर्वीच चंद्र मिथुनेत सरकतो. म्हणून हे कारण शोभेचे आहे, पायाचे नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा : दिवसभर शुभ, ते कसे ? तिथी काही सूर्योदयास सुरू होऊन सूर्योदयास संपत नाही. चंद्राची गती कमीअधिक असल्याने ती सुमारे एकोणीस ते सव्वीस तासांची असते. इ. स. २०२५ मध्ये अक्षय्य तृतीया २९ एप्रिलच्या सायंकाळी साडेपाचच्या सुमारास लागली व ३० एप्रिलच्या दुपारी सव्वादोनच्या सुमारास संपली. मग ३० तारखेस सायंकाळी जे कार्य केले, ते चतुर्थीत झाले काय ? आकाशात चतुर्थी होतीच. परंतु स्मृतींचा नियम असा की, सूर्योदयी जी तिथी असेल, ती स्नानदानादिकांसाठी सबंध दिवसाची समजावी. यास साकल्य म्हणतात. युगादि तृतीया पूर्वाह्णी असली पाहिजे, हेही त्या दिवशी साधले होते. ‘सबंध दिवस’ हा शब्द या नियमातून येतो, ग्रहांच्या स्थितीतून नव्हे.

याहून अवघड प्रसंग शके १९४८ च्या पाडव्याचा. १९ मार्च २०२६ रोजी बिडकीन येथे सूर्योदय सुमारे साडेसहाचा, आणि अमावास्या संपते ती सातला काही मिनिटे कमी असताना. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आतच प्रतिपदा संपते. म्हणजे तिला एकही सूर्योदय लाभत नाही, ती क्षयतिथी. इतर कार्यांस क्षयतिथी वर्ज्य. येथे मात्र धर्मसिंधूचा निर्णय स्वच्छ आहे : प्रतिपदा दोन्ही दिवशी सूर्योदयी असो वा दोन्ही दिवशी नसो, पहिलाच दिवस घ्यावा. म्हणून पाडवा १९ तारखेचाच. ‘निराळा मुहूर्त नको’ याचा खरा अर्थ येथे दिसतो. दिवस कोणता, हे शास्त्र ठरविते. तो एकदा ठरला की त्यातील दोष पुन्हा शोधीत नाहीत.

असे निर्णय देणाऱ्या ग्रंथांत निर्णयसिंधू अग्रगण्य होय. तो कमलाकरभट्टांनी इ. स. १६१२ मध्ये काशीस पूर्ण केला. परंतु हे घराणे मूळचे पैठणचे. त्यांचे पणजोबा रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात पैठण सोडून काशीस गेले. धर्मसिंधू पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी इ. स. १७९० मध्ये रचिला. बिडकीनहून जी वाट पैठणास जाते, त्या वाटेवरच्या विद्येची शाखा काशीपर्यंत पसरली, याचे स्मरण आम्हांस येथे सहज होते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. वरील सूट कशास आहे ? स्नान, दान, पूजा, नवे वर्ष, नवा करार, कामाचा प्रारंभ, अशा एकट्याने अथवा कुटुंबाने करावयाच्या कृत्यांस. विवाह हा संस्कार आहे; त्यास मास, नक्षत्र व लग्नशुद्धी हे निराळे नियम लागतात. पाडव्याचेच पाहा. तेव्हा सूर्य बहुधा मीनेत असतो, आणि मीनार्कात विवाह वर्ज्य. म्हणून इतका शुभ दिवस असूनही पाडव्यास आपल्याकडे लग्ने लागत नाहीत, आणि त्याचे नवल कोणास वाटत नाही. अक्षय्य तृतीया वैशाखात, म्हणजे विवाहमासात येते. त्यामुळे बहुतेक वर्षी तेथे लग्न जमते, आणि लोकांस वाटते की ते सुटीमुळे जमले. इ. स. २०२४ च्या मे महिन्यात गुरू व शुक्र दोघेही अस्तंगत होते. अस्तात विवाह नाही, म्हणून पंचांगकर्त्यांनी मुहूर्त दिले नाहीत. गुरुजींनी सांगितले ते यथार्थ होते. तो बहाणा नव्हता.

ज्यांची मुहूर्तावर श्रद्धा नाही, त्यांनी कोणत्याही दिवशी विवाह करावा. त्यास आमची हरकत नाही. परंतु ‘मुहूर्त नको’ याचा ‘काहीच पाहावयास नको’ असा अर्थ होऊ लागला, की त्याची झळ मुलींस बसते. आम्ही शाळेत असता उन्हाळ्याच्या सुटीनंतर वर्गातील एखाददुसरी मुलगी परत येत नसे. चौकशी करता कळे की, आखितीस लग्न उरकले. मुहूर्त काढावा लागला नाही, म्हणून कोणास विचारावेही लागले नाही ! इ. स. २००६ च्या कायद्याने मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस पूर्ण असावे लागते. ही अट कोणत्याही तिथीस शिथिल होत नाही.

त्या दोन घरांतील वडीलधाऱ्यांस आम्ही हेच समजावून दिले. मुलीचे वडील म्हणाले, “गुरुजी, हे आधी कळते तर अनामत वाचली असती.” ते खरे आहे. म्हणून ज्ञातिबांधवांस एवढीच विनंती की, पाडव्यास नवी वही उघडावी, आखितीस घागर द्यावी, त्यासाठी कोणास विचारू नये. लग्न धरावयाचे असेल तर मात्र कार्यालय ठरविण्यापूर्वी मुलामुलींची वये पाहावी, आणि पंचांग मानीत असाल तर तेही पाहावे. इत्यलम्.