मुख्याध्यापकांना पत्र : मॅनेज्ड स्विच कशासाठी?

धंतोलीतील एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत ४० संगणक आहेत, असे समजू. तास सुरू असतानाच नेटवर्क ठप्प होते आणि स्विचवरील सर्व दिवे एकाच वेळी वेगाने लुकलुकू लागतात. बहुधा कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचलेली असतात. संदेश त्या वर्तुळात फिरत वाढत राहतात. साध्या स्विचला हे सहसा उमगत नाही. मॅनेज्ड स्विच ‘स्पॅनिंग ट्री’ पद्धतीने तो मार्ग बंद करतो. संगणक शिक्षकाने निधीच्या पत्राचा आरंभ अशाच प्रसंगाने, तारीख आणि बुडालेल्या तासिका नोंदवून करावा. मुख्याध्यापकांना तांत्रिक शब्दांपेक्षा त्या लवकर पटतात.

मागणी मोजून मांडावी. २४ पोर्टचे दोन स्विच म्हणजे ४८ जागा. दोन परस्परजोडणीत व एक राउटरकडे गेल्यावर ४० संगणक बसून पाच उरतात. कार्यालयातील शुल्क व गुणांच्या नोंदी ‘व्हीलॅन’द्वारे प्रयोगशाळेपासून वेगळ्या ठेवता येतात, हेही लिहावे.

केबलवर मात्र काटकसर नको. स्वस्त ‘कॅट-६’ केबलमध्ये अनेकदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तार खरवडल्यास आत चंदेरी दिसते. भिंतीतील केबल ९० मीटरपेक्षा लांब नसावी. नागपूरचा उन्हाळा पाहता बंद कपाटात स्विच तापतो, म्हणून हवेशीर रॅकचा खर्च पत्रातच मागावा. नंतर तो मिळणे कठीण.