हजारावे नाव

गेल्या पौषात आदिलाबादला जाणे झाले. सौ.चे मामा तिथे असतात. आयुष्यभर मराठी शाळेत मास्तरकी केली आणि निवृत्तीनंतर एक चार पानी मासिक पत्रिका चालवायला घेतली. मी गोव्याचा माणूस, आदिलाबाद म्हणजे तेलंगण आणि तेलंगण म्हणजे तेलुगू एवढेच मला ठाऊक. पण किनवट सोडून गाडी पुढे निघाली तरी डब्यातले बोलणे मराठीच होते. स्टेशनवरून मामांच्या घरी जाताना कापसाच्या गाड्या अडवून उभे असलेले लोकही मराठीतच भांडत होते.

याला कारण आहे. हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे भाग त्यातून निघून मराठी मुलखात गेले, बाकीचा जिल्हा आंध्रात राहिला. पैनगंगेच्या अलीकडे राहिलेल्या मराठी माणसांची भाषा काही रेघेबरोबर सरकली नाही. मामा त्यांच्यापैकी एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मामांनी एक कागद पुढे केला. "जावईबापू, तुम्ही लिहिणारे. जरा नजर टाका. पुढच्या अंकात द्यायचं आहे."

पत्रिकेच्या वर्गणीदारांच्या वहीत हजारावे नाव चढले होते, आणि त्यानिमित्त मामांनी वाचकांचे आभार मानणारा मजकूर लिहिला होता. सुरुवात 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' अशी. मग पत्रिकेने कशी नेत्रदीपक वाटचाल केली ते. मग 'आम्ही तर केवळ निमित्तमात्र'. आणि शेवटी, प्रत्येक वाचकाने आणखी एक तरी वर्गणीदार मिळवून द्यावा ही नम्र विनंती.

मी वाचून गप्प बसलो. मामा म्हणाले, "आवडलं नाही वाटतं."

आवडले नाही असे नव्हते. असला मजकूर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिलेला आहे. आमच्या गोव्यात वाचनालयांचे आणि नाट्यमंडळांचे अहवाल याच भाषेत निघतात. प्रश्न असा पडला की ही भाषा आली कुठून.

तिचे मूळ जुन्या पुस्तकांत सापडते. एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तके ज्यांनी चाळली असतील त्यांना आश्रयदात्यांच्या याद्या आठवतील. पुस्तक छापण्याआधी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायचे आणि कोणी किती प्रती घेतल्या ते नावानिशी छापायचे अशी ती रीत होती. वर संस्थानिकांची आणि सरदारांची नावे, खाली मामलेदार, वकील, शाळामास्तर. त्या यादीच्या आगेमागे 'उदार आश्रय', 'गुणग्राहक' असे शब्द येत. पुस्तकाचा खर्च दहा-वीस मोठी माणसे उचलत होती, तेव्हा त्यांच्यापुढे वाकणे ओघानेच आले. पुढे आश्रयदाता जाऊन त्या जागी वर्गणीदार आला. तो दोन-चार रुपये देणारा आणि बदल्यात अंक घेणारा, म्हणजे सरळ व्यवहार करणारा माणूस. पण त्याच्याशी बोलायची भाषा मात्र आश्रयदात्याचीच राहिली.

आकड्यांचेही असेच. हजार म्हटले की आपल्याला आज थोडे वाटतात. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. एका रकान्यात मराठी, शेजारच्या रकान्यात इंग्रजी. त्याचे वर्गणीदार होते तीनशेच्या आसपास. एवढ्यावर ते १८४० पर्यंत चालले. ज्याला आपण मराठी वृत्तपत्रांचा जनक म्हणतो त्याच्या पत्राला हजारांचा टप्पा कधी दिसलाच नाही. म्हणून आकडा सांगण्यात लाज नाही आणि फुशारकीही नाही. तो कशाचा आकडा आहे तेवढे मात्र खरे सांगितले पाहिजे.

मी मामांना म्हटले, वही बघू.

वही नीट ठेवलेली होती. आम्ही दोघांनी दुपारभर बसून नावे वेगळी काढली. एकूण नावे १०१२. त्यातली चालू वर्षाची वर्गणी आलेली ६४०. वर्गणी थकलेली, पण अंक जात असलेली २३१. शाळा, वाचनालये आणि इतर पत्रिकांना फुकट किंवा अदलाबदलीत जाणारे अंक ८८. उरलेल्या ५३ पत्त्यांवरून अंक परत आलेले होते, आणि त्यातली काही माणसे वारली होती हे मामांना माहीत होते. नाव खोडायला हात धजला नव्हता इतकेच.

जुन्या संपादकांना हे गणित तोंडपाठ असे. नमुन्याचा अंक पाठवायचा, तो परत आला नाही तर माणूस वर्गणीदार झाला असे धरायचे आणि मग वर्गणीसाठी व्ही.पी. करायची, ही मराठी मासिकांची नेहमीची पद्धत. व्ही.पी. सोडवून घेतली तर पैसे येत, नाकारली तर टपालखर्च संपादकाच्या अंगावर. म्हणजे वहीतली नावे वाढत असतानाच पत्र तोट्यात जाऊ शकत होते. वहीतला आकडा आणि पेटीतला पैसा यांत अंतर पडले की मासिकाला घरघर लागली हे जाणत्याला कळत असे. पुष्कळ मासिकांत वर्गणीची पोच छापत. कोणाचे किती पोचले ते नाव-गावासह. मला वाटते आभाराचा सर्वांत प्रामाणिक नमुना तोच. विशेषण एकही नाही, पण पैसे पोचले आणि तुमची आठवण आहे, या दोन्ही गोष्टी माणसाला कळतात.

मामा म्हणाले, "पण मागायचं नाही, हे कसं जमायचं? न मागता कोण देतं?"

मागणे वेगळे आणि हात पसरणे वेगळे. याचा मराठीतला मोठा दाखला डॉ. आंबेडकरांचा आहे. महाडच्या सत्याग्रहानंतर लगेच, ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांनी एक लेख लिहिला. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असे त्याचे शीर्षक. या शीर्षकातच सगळे आहे. पत्राला पैशांची गरज होती आणि त्यांनी ती लपवली नाही. लिहायला दुसरे कोणी नसल्यामुळे अंकाचे चोवीस चोवीस रकाने त्यांना एकट्याला भरावे लागत होते आणि त्याचा एक पैसाही ते घेत नव्हते, हेही त्यांनी सांगितले. पण ते सांगताना दया मागितली नाही. हे पत्र ज्यांच्यासाठी चालते त्यांचेही त्याच्याकडे काही देणे लागते, असा हिशेब त्यांनी वाचकांपुढे मांडला. वाचकाला त्यांनी उपकारकर्ता मानले नाही आणि याचकही मानले नाही. भागीदार मानले. एवढे करूनही पत्र नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडले. चांगले लिहिले की पैसे येतातच असे नाही. पण तो लेख आजही मान वर करून वाचता येतो.

शिवाय तिथे निकड होती. मामांच्या पत्रिकेला आज तशी निकड नाही. मग आभाराच्या शेपटाला विनंती बांधली की आभाराची पावतीच खोटी ठरते. वाचणाऱ्याला वाटते, हे मागण्यासाठीच आधी गोड बोलले. मागायचे असेल तर वेगळ्या अंकात, वेगळ्या चौकटीत, किती आणि कशासाठी ते सांगून मागावे.

मामांना यादी छापायची हौस होती. हजार नावे, पुरवणी काढून. तेव्हा त्यांनीच एक गोष्ट सांगितली. निजामाच्या काळात आ. कृ. वाघमाऱ्यांनी 'मराठवाडा' पत्र काढले. सरकारने बंदी घालावी आणि यांनी नवे नाव घेऊन पुन्हा अंक काढावा, असे किती वेळा तरी झाले. मामा लहान असताना त्यांचे वडील तो जमाना सांगत. अशा दिवसांत वर्गणीदारांची यादी छापणे म्हणजे ती पोलिसांच्या हातात देणेच झाले असते. नाव न घेणे हाच वाचकाचा मान होता. हे सांगता सांगता मामा थांबले आणि म्हणाले, "मग आपणही नको छापू या. थकलेल्यांची नावं नसली की सगळ्या गावाला कळेल."

संध्याकाळपर्यंत जो मजकूर तयार झाला तो जेमतेम नऊ ओळींचा. वहीत १०१२ नावे आहेत, त्यातल्या ६४० जणांची यंदाची वर्गणी पोचली. तेवढ्यात छपाई आणि टपाल भागते, उरत काही नाही. मागच्या वर्षी दोन अंक उशिरा निघाले, त्याबद्दल दिलगिरी. गोंडी गावांच्या नावांत झालेल्या चुका उतनूरकडच्या एका वाचकाने कळवल्या, त्या दुरुस्त केल्या. अंकांचे गठ्ठे एस.टी.तून पैनगंगेपलीकडे पोचवणाऱ्या मंडळींचे आभार. जे वाचक आता नाहीत त्यांची नावे वहीत तशीच ठेवली आहेत. पुढचा अंक नेहमीप्रमाणे पंधरा तारखेला.

'नेत्रदीपक' गेले, 'निमित्तमात्र' गेले. ते दुसरे तर पहिल्यापेक्षा फसवे. आपण निमित्तमात्र असे म्हणणारा माणूस समोरच्याने 'छे छे, तुम्हीच सगळे केलेत' म्हणावे म्हणून वाट पाहत असतो. मामा हे ऐकून हसले, पण तो शब्द खोडताना त्यांचा पेन क्षणभर अडखळला खरा.

"आणि हजारावं नाव कुणाचं?" मी सहज विचारले.

मामांनी वही उलटी करून दाखवली. शेवटच्या पानावर पोरसवद्या अक्षरात एक नाव होते. त्यांच्याच गल्लीतली, तेलुगू माध्यमात शिकणारी आठवीतली मुलगी. आजीला अंक वाचून दाखवता यावा म्हणून ती मामांकडे बाराखडी शिकायला येते. वर्गणी आजीने दिली होती, पण नाव स्वतःचे घालायचे असा त्या मुलीचा हट्ट. तेही तिने स्वतःच लिहिले होते. एका वेलांटीची चूक होती, मामांनी ती मुद्दाम सुधारली नव्हती.

हे अंकात घालू या का, असे मी विचारले. मामा नको म्हणाले. ती लाजेल, आणि उद्यापासून यायची बंद होईल.

नऊ ओळी तशाच छापायला गेल्या.