कडेवरचे मूल आणि चालती शाळा



१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि त्यापुढील काळात खाडीकाठच्या जुन्या गावांभोवती आपली ही ऐरोली उभी राहिली. ज्या भिंतींच्या आत आपण राहतो, त्यांच्या विटा कोणी थापल्या हे आपण सहसा विचारीत नाही. आजचा विषय तेथूनच निघतो. जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे २०१४ साली पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या जिल्ह्यात, वीटभट्टीचा धंदा मोठा होता आणि आजही आहे. जव्हार-मोखाड्याकडील कातकरी, वारली कुटुंबे ठेकेदाराकडून आगाऊ उचल घेतात, दिवाळीनंतर घराला काटी लावून भट्टीवर येतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलात संपते. त्यामुळे मूल पहिले सत्र गावात असते, दुसरे भट्टीवर, आणि वार्षिक परीक्षा होते तेव्हा त्याच्या जागी कोणी नसते.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार आपल्याकडे प्रथम कृतीत आणला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली त्यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. बालवाडीत पाड्यावरची मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून रूढ झाला. १९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सात-आठ वर्षांची मुले शाळेत येत नव्हती, कारण ती रानात गुरे राखीत होती. मग शिक्षक कुरणात गेले. काही मुलांनी गुरांकडे पाहावे, बाकीच्यांनी झाडाखाली बसावे, मग पाळी बदलावी. मोजायला खडे आणि बिया, लिहायला पाटी किंवा जमीन. हीच कुरणशाळा.

पण माझ्या मते कोसबाडचा खरा शोध दुसराच आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. मुली शाळेत आल्या तरी कडेवर धाकटे भावंड घेऊनच आल्या. भावंड रडले की मुलगी उठून बाहेर जाई. तिला ‘मूल घरी ठेवून ये’ असे सांगण्यात अर्थ नव्हता. घरी होते कोण? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात घेतले गेले. त्या व्यवस्थेला विकासवाडी हे नाव मिळाले. कडेवरचे मूल खाली ठेवायला जागा मिळाली, तेव्हा मुलीचे हात पाटीसाठी मोकळे झाले. १९६९ साली दिल्लीत गांधी शताब्दीच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर काढले, आणि १९७२ साली ते काम मुंबईत आले. त्यामागची निकड हीच होती. इमारत पुरी झाली की पाळणाघर गुंडाळायचे व पुढच्या इमारतीवर मांडायचे, अशी ती रीत.

आता पुन्हा भट्टीकडे वळू. मजुरी हजार विटांवर मिळते. थापणीचे काम बहुधा पहाटेच्या अंधारातच सुरू होते. कच्ची वीट वाळताना उलटावी लागते. हात हलका असेल तर ती मोडत नाही, म्हणून ते काम मुलांकडे येते. एका पोराने विटा उलटल्या म्हणजे आईबापांचा हजार लवकर भरतो. अशा ठिकाणी १९९० नंतरच्या दशकात वसईकडील विधायक संसद या संस्थेने, विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने, भोंगाशाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची तात्पुरती खोपटी. शाळाही तशाच खोपटीत भरे, त्यामुळे मुलाला ती परकी वाटत नसे.

पण खोपटी बांधणे हा कामाचा सोपा भाग होता. एका भट्टीवर चार गावांची मुले येतात. कोणी दुसरीत, कोणी चौथीत, तर कोणाचे नाव कोठल्याच पटावर नाही. त्या सर्वांना एका शिक्षकाने एकत्र बसवायचे आणि मे अखेरीस त्यांना पुन्हा चार गावांत विखुरलेले पाहायचे. मुलाने भट्टीवर काय शिकले हे गावच्या गुरुजींना कळले नाही, तर जूनमध्ये ते पुन्हा मागच्याच वर्गात बसते.

इराणमधील उदाहरणाशी ताडून पाहिले म्हणजे ही अडचण उमगते. १९५० नंतरच्या दशकात फार्स प्रांतात महंमद बहमनबेगी यांनी कशकाई वगैरे भटक्या टोळ्यांसाठी तंबूशाळा उभारल्या. काळ्या तंबूंच्या मेळ्यात शाळेचा तंबू पांढरा असे. शिक्षक टोळीतलाच तरुण. टोळी कुरण बदलून निघाली की तंबू जनावरावर लादून तोही निघे. तेथे सबंध समाज एकत्र चाले, म्हणून शिक्षक, मुले आणि वर्ग यांची गाठ सुटत नसे. आपल्याकडे माणसे ठेकेदाराच्या उचलीमागे जातात. यंदा या भट्टीवर, पुढल्या वर्षी दुसऱ्या. शिक्षकाने कोणाच्या मागून जावे?

साखर कारखान्यांवरील साखरशाळांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बैलगाडीवाले मजूर हंगामभर कारखान्याजवळ कोप्या घालून राहतात; त्यांच्या मुलांसाठी शाळा काढता आली. पण डोकी सेंटरच्या टोळ्या ट्रक भरीत फडामागून फड, गावामागून गाव सरकतात. त्यांच्यापर्यंत साखरशाळा क्वचितच पोचली. कारखान्याच्या आवारात साखरशाळा दिसली म्हणून सर्व तोडणीकामगारांची सोय झाली, असे कोणी म्हणू लागला तर टोळ्या कोणत्या प्रकारच्या आहेत हे आधी विचारावे.

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. प्रत्येक मुलाला वयानुरूप वर्गात आणि रीतसर शाळेत जागा मिळावी, दाखल्यावाचून प्रवेश अडू नये, ही त्यातली तरतूद. तत्त्व चांगले, पण खोपटीतली शाळा रीतसर शाळेच्या व्याख्येत बसेना, आणि साखरशाळा मागे पडल्या. त्यांच्या जागी भर दिला गेला तो मुलांना गावातच ठेवण्यावर. आजीआजोबांपाशी राहणाऱ्या मुलांसाठी गावच्या शाळेमार्फत जेवणाची सोय, हे हंगामी वसतिगृहाचे साधारण स्वरूप. ज्या घरी आजी धडधाकट आहे, तेथे मुलगा राहतो. मुलीचे तसे नसते. आईला पहाटे फडात जायचे असते आणि दूधपिते मूल कोपीत ठेवायचे असते, म्हणून दहा वर्षांची मुलगी बरोबर न्यावीच लागते. वसतिगृहाने मोठ्या मुलाची सोय पाहिली, कडेवरच्याची नाही. कोसबाडला जे उमगले होते, ते येथे निसटले.

काही गोष्टी आपल्याच आसपास पाहता येतील. बांधकामाच्या पत्र्यांमागे पाळणाघर आहे की नाही, ते सकाळी मजूर कामावर चढण्यापूर्वी उघडते की दहा वाजता, आणि जवळच्या शाळेत दिवाळीनंतर आलेल्या मुलाचे नाव त्याच आठवड्यात पटावर चढते की त्याला जूनपर्यंत थांबवतात. दहा वाजता उघडणाऱ्या पाळणाघरात तान्हे मूल आणून सोडणारी ती बहीणच असते, आणि ती तेथेच बसून राहते.