कन्सोलला बाह्य हार्ड डिस्क न दिसणे

गेम खेळण्याच्या कन्सोलला (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स) यूएसबीने जोडलेली हार्ड डिस्क त्याच्या यादीत न येणे, किंवा आली तरी कन्सोलने ती वापरायला नकार देणे. बोलताना दोन्हीला ‘डिस्क घेत नाही’ म्हणतात, पण बिघाड शोधताना त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर काहीच हालचाल नसेल तर दोष बहुतेक वीज किंवा केबलचा असतो. कन्सोलने नकाराचा संदेश दाखवला, तर वीज पोहोचली आहे आणि संवादही झाला आहे. मग अडचण फॉरमॅटची, वेगाची किंवा क्षमतेची असते. हा फरक आधी केला की निम्मे काम होते.

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यासारख्या गावात दुरुस्तीला वसमत किंवा नांदेड गाठावे लागते, म्हणून ही तपासणी घरीच करून घेतलेली बरी. एक नमुना घेऊ. घरात प्लेस्टेशन ४ आहे आणि १ टीबीची, अडीच इंची, खिशात मावणारी हार्ड डिस्क आहे. ती आधी कॉम्प्युटरला लावून तिच्यावर सिनेमे भरलेले आहेत. आता ती कन्सोलला लावली, तर सिनेमेही दिसत नाहीत आणि गेमही साठवता येत नाहीत.

सिनेमे न दिसण्याचे कारण फॉरमॅट. विंडोजवर मोठी डिस्क फॉरमॅट केली की ती सहसा NTFS पद्धतीने होते. प्लेस्टेशन ४ आणि ५ ही पद्धत वाचत नाहीत. त्यांना सिनेमे-गाण्यांसाठी exFAT किंवा FAT32 लागते. एक्सबॉक्स वन NTFS वाचतो, त्यामुळे ‘मित्राकडे चालली, माझ्याकडे नाही’ ही तक्रार खरी असते आणि डिस्क मात्र चांगली असते. जुना प्लेस्टेशन ३ त्याहून हट्टी आहे. त्याला फक्त FAT32 चालते आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. उपाय सोपा आहे: डिस्कवरचा माल दुसरीकडे उतरवून घ्यायचा, कॉम्प्युटरवर डिस्कवर राइट क्लिक करून Format निवडायचे आणि File system मध्ये exFAT ठेवायचे. फॉरमॅट मारला की आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून उतरवून घेणे आधी.

गेम साठवायचे असतील तर गणित उलटे होते. तेव्हा डिस्क आधी कोणत्या पद्धतीची होती याला महत्त्व नाही, कारण कन्सोल ती पुसून स्वतःच्या पद्धतीने बांधतो. प्लेस्टेशन ४ मध्ये ही सोय मार्च २०१७ च्या ४.५० अपडेटपासून आली. Settings > Devices > USB Storage Devices मध्ये डिस्क निवडून Format as Extended Storage करायचे. डिस्क किमान २५० जीबीची आणि जास्तीत जास्त ८ टीबीची लागते. एक्सबॉक्सला किमान १२८ जीबी पुरते. एकदा असे केले की ती डिस्क कॉम्प्युटरच्या उपयोगाची राहत नाही. विंडोज ती वाचू शकत नाही आणि फॉरमॅट किंवा Initialize करायला सांगू शकते. तिथे घाईने ‘होय’ दाबून गेम गमावणारे कमी नाहीत. एकाच डिस्कवर सिनेमेही आणि प्लेस्टेशनचे गेमही, हा बेत सोडूनच द्यावा. प्लेस्टेशन ५ बाबत अजून एक: त्याचे स्वतःचे गेम अशा डिस्कवर ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे गेम मात्र चालतात.

आता केबल, सर्वांत जास्त फसवणारा भाग हाच. अडीच इंची डिस्कच्या तोंडाला बहुधा रुंद, दोन भागांची पिन असते. तिचा मोठा भाग जुन्या मोबाइलच्या चार्जरच्या पिनेसारखा असल्याने ती अरुंद पिनही त्यात बसते. मूळ केबल हरवली की मोबाइलची केबल खोचली जाते, डिस्कचा दिवाही लागतो. पण शेजारच्या लहान भागातले वेगाचे संपर्क रिकामे राहतात आणि डिस्क यूएसबी २.० म्हणून, सेकंदाला ४८० मेगाबिटवर चालते. गेम साठवायला कन्सोलला यूएसबी ३.० चा वेग हवा असतो, म्हणून तो नकार देतो. चार्जिंगपुरत्या स्वस्त केबलमध्ये तर डेटाच्या तारा नसतातच. तिने दिवा लागेल, यादीत नाव येणार नाही. रुंद पिन असलेली चांगली केबलही कन्सोलच्या चौकोनी पोर्टात अर्धवट किंवा फार हळू खोचली तर पुढचे जुने संपर्क आधी लागून जोडणी यूएसबी २.० वरच ठरते. काढून एका दमात घट्ट बसवली की हा दोष जातो. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या मॉडेलवर पुढचे चौकोनी पोर्ट मुळातच यूएसबी २.० आहे, डिस्क मागच्या पोर्टात लावावी. मध्ये हब लावू नये. प्लेस्टेशन गेमची डिस्क हबमधून घेत नाही.

विजेचा दोष आवाजावरून ओळखता येतो. अडीच इंची डिस्क सगळी वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी २.० च्या नियमाने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० च्या नियमाने ९००. तबकडी स्थिर फिरताना एवढे पुरते. फिरायला सुरुवात होताना मात्र थोडा वेळ जास्त लागते. तिथे वीज कमी पडली की टक-टक आवाज येतो, तबकडी थांबते, पुन्हा प्रयत्न करते. लांब आणि बारीक तारेची केबल हे त्याचे नेहमीचे कारण. अर्ध्या मीटरच्या आतली केबल घ्यावी. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर लागतोच, तो नसेल तर ती चालूच होत नाही.

गावात अशा वेळी पहिला संशय व्होल्टेजवर जातो. तो बहुतेकदा चुकीचा. कन्सोलचा आणि डिस्कच्या अॅडॉप्टरचा पुरवठा १०० ते २४० व्होल्ट सांभाळून घेतो, त्यामुळे घरातला दिवा मंद झाला तरी यूएसबीतले ५ व्होल्ट सहसा तसेच राहतात. खरा धोका लाइट अचानक जाण्याचा. गेम डिस्कवर उतरत असताना वीज गेली तर नोंदी अर्धवट राहतात; पुढच्या वेळी कन्सोल डिस्क नीट काढली नव्हती असे सांगून दुरुस्ती सुरू करतो. ती मध्ये थांबवू नये, वेळ लागला तरी. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण UPS कडे ठेवावे. त्यात बदलाला कमी वेळ लागतो आणि कन्सोल बहुधा बंद पडत नाही.

आता नमुन्यातली डिस्क. तिला मोबाइलची केबल होती, म्हणून प्लेस्टेशन ४ गेमसाठी नकार देत होता. पद्धत NTFS होती, म्हणून सिनेमेही दिसत नव्हते. रुंद पिनेची आखूड केबल लावली की पहिला दोष सुटतो. दुसऱ्यासाठी घरच्यांना ठरवावे लागते, डिस्क सिनेमांची की गेमची. केबल बदलूनही टक-टक चालूच राहिली आणि कॉम्प्युटरवरही तोच आवाज आला, तर दोष डिस्कच्या आतला आहे. तिला फॉरमॅट मारत बसू नये. आत हवा असलेला डेटा असेल तर ती बंद ठेवून डेटा काढणाऱ्या दुकानात न्यावी.