एक्स रोज स्टोरी बघतो, जुने फोटो लाईक करतो : म्यूट करायचं, ब्लॉक करायचं की उत्तर द्यायचं?

ब्रेकअप होऊन सात महिने झालेत. बोलणं बंद, फोन बंद. तरी तुम्ही गंगापूर रोडवरच्या मिसळीची स्टोरी टाकली की पाच मिनिटांत बघणाऱ्यांच्या यादीत ते एक नाव हजर असतं. मग एखाद्या रात्री दीड वाजता नोटिफिकेशन येतं. २०२२ साली पांडवलेणीवर काढलेला फोटो त्याच माणसाने आत्ता लाईक केलेला असतो.

या वागण्याला इंग्रजीत ‘ऑर्बिटिंग’ असं नावही पडलंय. अमेरिकन लेखिका अॅना आयोविन यांनी २०१८ मध्ये एका लेखात हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. बोलायचं नाही, भेटायचं नाही, पण ग्रहाभोवती फिरणाऱ्या चंद्रासारखं नजरेच्या टप्प्यात राहायचं.

अशा वेळी मैत्रिणी सांगतात, “म्यूट करून टाक गं.” इथेच पहिली गफलत होते.

म्यूट केल्याने नेमकं काय होतं?

इन्स्टाग्रामवर एखाद्याला म्यूट केलं, की त्याच्या स्टोरी आणि पोस्ट तुम्हाला दिसणं बंद होतं. तुमच्या स्टोरी त्याला दिसतच राहतात, आणि बघणाऱ्यांच्या यादीत त्याचं नावही येतच राहतं. म्हणजे म्यूट हा तुमच्या डोळ्यांवरचा पडदा आहे, त्याच्या नाही. एक्सचे नवे फोटो बघून तुम्हाला त्रास होत असेल तर म्यूट उपयोगी. तो तुमचं बघतो याचा त्रास असेल तर म्यूटने काहीच फरक पडत नाही.

रिस्ट्रिक्टबद्दलही असाच गैरसमज आहे. रिस्ट्रिक्ट केलेल्या माणसाच्या नव्या कमेंट तुम्ही मंजूर केल्याशिवाय इतरांना दिसत नाहीत. त्याचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात आणि तुम्ही ते वाचलेत का, हे त्याला कळत नाही. पण स्टोरी तो पूर्वीसारखाच बघू शकतो.

तुमची स्टोरी त्याच्यापासून लपवायची असेल तर त्याच्या प्रोफाइलवर जा, वरच्या तीन टिंबांवर टॅप करा आणि Hide your story निवडा. त्याला याची सूचना जात नाही. फक्त तुमची नवी स्टोरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोस्ट मात्र दिसत राहतात. त्याही लपवायच्या असतील तर अकाउंट प्रायव्हेट करून त्याला फॉलोअर्समधून काढावं लागेल. अकाउंट पब्लिक ठेवून नुसतं फॉलोअर्समधून काढलं, तर तो प्रोफाइल उघडून सगळं बघू शकतो.

जुन्या फोटोंसाठी आर्काइव्हचा पर्याय आहे. फोटो प्रोफाइलवरून गायब होतो, पण डिलीट होत नाही. त्यावरचे लाईक आणि कमेंट तसेच राहतात, आणि हवा तेव्हा तो परत आणता येतो.

व्हॉट्सअॅप स्टेटसचंही तेच. समोरच्याचं स्टेटस म्यूट केलं तरी तुमचं स्टेटस त्याला दिसतं. ते थांबवायला स्टेटसच्या प्रायव्हसीमध्ये जाऊन My contacts except मध्ये त्याचं नाव टाकावं लागतं. हा बदल पुढच्या स्टेटसला लागू होतो. आधीच टाकलेलं स्टेटस त्याला दिसायचं थांबत नाही.

त्या ‘सीन’चा अर्थ काय?

अर्थ लावायच्या आधी स्टोरी चालतात कशा, ते आठवा. एक स्टोरी संपली की पुढच्या माणसाची आपोआप सुरू होते. रिक्षाची वाट बघत कोणी स्क्रीनवर अंगठा मारत असेल, तरी त्याचं नाव तुमच्या यादीत येतं. त्याने ती किती वेळ बघितली, मन लावून बघितली का, हे यादी सांगत नाही. यादीतल्या नावांच्या क्रमावरून ‘हाच सगळ्यात जास्त बघतो’ असाही निष्कर्ष काढता येत नाही.

जुन्या फोटोवरचं लाईक थोडं वेगळं. चार वर्षांपूर्वीच्या फोटोपर्यंत पोहोचायला प्रोफाइल उघडून बरंच खाली जावं लागतं. तिथे चुकून डबल टॅप होऊ शकतो. पण ती चूक एकदा होते. एकाच रात्री तीन फोटो, किंवा दर आठवड्याला एखादा, हा अंगठ्याचा घोळ नव्हे. तो मुद्दाम दिलेला संकेत आहे. संकेत कशाचा, हे मात्र लाईकवरून कळत नाही. आठवण, एकटेपणा, अपराधीपणा, नुसता कंटाळा, यातलं काहीही असू शकतं.

इथे अडकायला होतं, कारण हे संकेत अनियमित असतात. आज लाईक, मग दहा दिवस शांतता, मग पुन्हा एक. ठरावीक वेळाने मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून, अचानक मिळणाऱ्या बक्षिसाची सवय जास्त चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी दाखवून दिलं होतं. त्यामुळे आपण यादी पुन्हा पुन्हा उघडतो.

लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या टारा मार्शल यांनी २०१२ मध्ये ४६४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. फेसबुकवर एक्सवर जास्त लक्ष ठेवणाऱ्यांमध्ये ब्रेकअपचा त्रास आणि ओढ जास्त दिसली, आणि पुढे सरकणं कमी दिसलं. लक्ष ठेवल्यामुळे त्रास वाढतो की त्रास असणारेच लक्ष ठेवतात, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण ‘त्याने पाहिलं का’ हे तपासणं म्हणजेही त्याच्यावर लक्ष ठेवणंच आहे.

एक उदाहरण : नाशिकमधली मुलगी, दोन आठवडे

समजा, सातपूरमध्ये नोकरी करणारी सव्वीस वर्षांची एक मुलगी आहे. ब्लॉक करावं असं तिला वाटतं, पण कॉलेजचा ग्रुप एकच. पुढच्या महिन्यात ग्रुपमधल्याच एकाचं लग्न आहे. ब्लॉक केलं तर संध्याकाळपर्यंत कॉलेज रोडवर चर्चा होणार, “एवढं काय झालं?”

ती आधी स्वतःला एक प्रश्न विचारते. स्टोरी टाकताना माझ्या मनात कोण असतं? प्रामाणिक उत्तर असं निघतं की सोमेश्वरची ती हसरी स्टोरी निम्मी तरी त्याच्यासाठीच होती. मग नुसतं त्याला थांबवून भागणार नाही.

म्हणून ती दोन गोष्टी करते. त्याच्यापासून स्टोरी लपवते, आणि त्याला म्यूटही करते. दोन्ही बाजूंचे पडदे एकदम. कोणालाच काही कळत नाही. पहिले चार दिवस यादी उघडायचा हात जातोच. पण तिथे ते नाव असणारच नाही, हे माहीत असल्याने दुसऱ्या आठवड्यात ते कमी होतं. विषय नुसत्या बघण्याचा असता तर इथेच संपला असता.

पण दहाव्या दिवशी आणखी दोन जुने फोटो लाईक होतात आणि मेसेज येतो, “काय म्हणतेस? स्टोरी टाकत नाहीस हल्ली.” म्हणजे त्याचं लक्ष होतं. आता गप्प बसायचं की बोलायचं, हे ठरवावं लागतं.

उत्तर कधी आणि काय?

नुसत्या सीनला उत्तर देऊ नका. “माझी स्टोरी का बघतोस?” असं विचारलं की “सहज आली समोर” हे उत्तर तयार असतं आणि तिथून गप्पा सुरू होतात. थेट मेसेज आला, किंवा लाईक थांबतच नाहीत, तर एकदाच आणि स्पष्ट लिहा. उदाहरणार्थ : “तू माझे जुने फोटो लाईक करतोस ते मला आवडत नाही. मला तुझ्याशी संपर्क नकोय. यापुढे मेसेज किंवा लाईक करू नकोस.”

यात प्रश्न नाही, कारण प्रश्नाला उत्तर येतं. जुना हिशेब नाही, कारण त्यावर वाद होतो. “सध्या नको” असंही नाही, कारण त्यात “नंतर चालेल” असं वाचलं जातं.

परत बोलावंसं खरंच वाटत असेल तर? तर लाईकला लाईकने उत्तर देत बसू नका. “तुला काही बोलायचंय का?” एवढं सरळ विचारा. ज्याला खरंच बोलायचंय तो बोलेल. उत्तर टोलवलं गेलं, तर तेच तुमचं उत्तर समजा.

ब्लॉक कधी?

स्पष्ट नकार दिल्यावरही संपर्क सुरू राहिला, दुसऱ्या अकाउंटवरून बघणं सुरू झालं, धमकी आली, किंवा त्या नावामुळे तुमची झोप जात असेल, तर ग्रुपमध्ये काय चर्चा होईल याचा विचार बाजूला ठेवा. इन्स्टाग्राम ब्लॉक करताना त्या व्यक्तीची इतर आणि पुढे उघडली जाणारी अकाउंटही ब्लॉक करण्याचा पर्याय देतं, तो निवडा. ब्लॉकची सूचना जात नाही, पण शोधून प्रोफाइल सापडलं नाही की अंदाज येतोच.

एक गोष्ट ब्लॉकच्या आधी करा. ब्लॉक केल्यावर त्याचे तुमच्या फोटोंवरचे लाईक आणि कमेंट निघून जातात, आणि अनब्लॉक केलं तरी परत येत नाहीत. त्रास वाढत असेल तर तोच पुरावा असतो. म्हणून तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक आणि तुम्ही पाठवलेला नकाराचा मेसेज आधी जपून ठेवा.

कायद्यातही त्या नकाराला वजन आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुषाने वारंवार संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. तिच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणंही त्यात येतं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तुम्ही सगळ्यांसाठी टाकलेली स्टोरी कोणी बघितली, एवढ्यावर तक्रार टिकणं अवघड. पण नकारानंतरचे मेसेज आणि नवी नवी अकाउंट ही वेगळी गोष्ट. तक्रार cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. लगेच धोका वाटत असेल तर ११२ वर फोन करा. हे कलम स्त्रियांपुरतं आहे, पण धमकी आली असेल तर पुरुषांनाही इतर कलमांखाली तक्रार करता येते.

आपल्या उदाहरणातल्या मुलीने तो तीन ओळींचा मेसेज पाठवला. समोरून “ओके” आलं आणि लाईक थांबले. लग्नात दोघं एकाच पंगतीत आले, तेव्हा मान हलवण्यापलीकडे काही झालं नाही. ब्लॉकची वेळच आली नाही. मेसेजनंतरही लाईक सुरू राहिले असते, तर ब्लॉक करण्यासाठी तिला ग्रुपला कारण सांगत बसायची गरज नव्हती.